एकच टेबल, सोळा मुले, तीन ॲलर्जी: फोंड्यातल्या एका वाढदिवसाची गोष्ट

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका गावातले हे कुटुंब. वडील कारखान्यात नोकरीला, आई घरी शिकवण्या घेते, सोबत आजी. मुलगी पहिलीत. तिचा सहावा वाढदिवस मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी चार ते सहा, घराच्या पडवीत आणि अंगणात करायचे ठरले. सोळा मुले आणि सोडायला येऊन थांबणारी धरून आठ मोठी माणसे. खाणे, पिणे, कागदी बशा-पेले असे सगळे मिळून खर्च अडीच हजार रुपयांच्या आत बसवायचा होता. हा आकडा वडिलांनी आधीच सांगून टाकला होता आणि तो वाढणार नव्हता.

मी फोंड्यात घरगुती ऑर्डरी घेते. मुलीची आई माझ्याकडे आली ती एवढेच विचारायला, की "ताई, एक किलोचा एगलेस केक केवढ्याला पडेल?" वर्गातल्या एका मुलाला अंडे चालत नाही हे तिला माहीत होते. बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे आणि त्याची आई त्याला वाढदिवसांना पाठवतच नाही. "यंदा तो यायला हवा, दोघांचे फार जमते," असे ती म्हणाली. तिथून हे काम केकच्या ऑर्डरीपुरते राहिले नाही.

कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. पदार्थ, प्रमाणे आणि खर्च मात्र जसेच्या तसे दिले आहेत. दर त्या दिवसाच्या फोंडा बाजारातले आहेत.

नेमकी अडचण काय होती

पहिली अडचण माहितीची. आईने वर्गाच्या पालकांना निरोप धाडला होता: "कोणाला काही ॲलर्जी असल्यास कळवा." त्यावर चार उत्तरे आली. एकाला अंडे नको, एकाला दूध नको, एका मुलीला "नट्स" नकोत, एकाला मैदा चालत नाही. एवढ्यावर मेनू ठरवता येत नाही. "दूध नको" म्हणजे पेलाभर दूध प्यायल्यावर पोट बिघडते, की तूप लावलेल्या चमच्यानेही अंगावर गांधी उठतात? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दुधातली साखर पचत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दही चालते. दुसरीत शरीर दुधातल्या प्रथिनावर उलटते, आणि तिथे दही, पनीर, लोणी, तूप, दुधाची पावडर यातले काहीच चालत नाही. लॅक्टोज काढलेले दूधही चालत नाही, कारण त्यात प्रथिन असतेच.

म्हणून त्या चार घरी फोन करून विचारायचे ठरले. प्रश्न तीनच होते. शेवटचा त्रास झाला तेव्हा नक्की काय आणि किती खाल्ले होते? किती वेळाने काय झाले? डॉक्टरांनी काय सांगितले आहे? हे विचारल्यावर चित्र बदलले.

दुधाची ॲलर्जी खरी निघाली. बिस्किटाचा तुकडा खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत ओठ सुजले, उलटी झाली आणि हॉस्पिटलात न्यावे लागले. नट्सवाल्या मुलीला काजू आणि शेंगदाणे दोन्ही वर्ज्य होते. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, त्यामुळे काजूवर उलटणारे शरीर बहुतेकदा पिस्त्यावरही उलटते. तिला पिस्तेही देत नव्हते. अंड्याच्या मुलाला उकडलेले किंवा अर्धवट शिजलेले अंडे बाधायचे. भाजलेल्या केकमधले चालते की नाही हे त्याच्या घरच्यांनी कधी करून पाहिले नव्हते, आणि वाढदिवस ही ते पाहण्याची जागा नव्हे. मैद्याच्या मुलाला मात्र ॲलर्जी नव्हती. त्याला बद्धकोष्ठ होतो म्हणून आई मैदा कमी देते. "एक दिवस खाल्ला तर काही नाही," असे तिनेच सांगितले. हे विचारले नसते तर गव्हाचे सगळे पदार्थ विनाकारण गेले असते, म्हणजे पाव गेला असता आणि केकचा खर्चही दुप्पट झाला असता.

आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारला: नारळ आणि चण्याची डाळ चालते का? शेंगदाणा हा द्विदल धान्याचा भाऊबंद, त्यामुळे क्वचित एखाद्याला इतर डाळीही बाधतात. नारळ काजू-बदामाच्या पंगतीतला नाही आणि बहुतेकांना चालतो, तरी विचारलेले बरे. त्या मुलीच्या घरी रोज डाळ होते, नारळ तर रोजचाच. उत्तर "चालते" असे आले आणि पुढचा अर्धा मेनू त्या एका उत्तरावर उभा राहिला.

दुसरी अडचण गोव्याची म्हणावी अशी. इथे काजू लपून बसतो. शिऱ्यात, लाडवात, खिरीत, पुलावात काजू घालणे हा आपल्याकडे पाहुणचार आहे. फरसाणाच्या दुकानात एकाच पळीने चिवडा, शेव आणि मसाला काजू काढतात. सुट्या पदार्थाला लेबल नसते, म्हणून सुटे काहीच आणायचे नाही हे पहिल्याच दिवशी ठरले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता: तिन्ही मुलांच्या घरून त्यांचा डबा यावा, बाकीच्यांना नेहमीचे द्यावे. असे पुष्कळ ठिकाणी करतात. पण सहा वर्षांची मुले एका जागी बसून खात नाहीत. क्रीम लागलेले हात फुग्याला लागतात, फुगा दुसऱ्याच्या हातात जातो, तो हात तोंडात जातो. शिवाय दुधाचा मुलगा डबा घेऊन एका बाजूला बसणार आणि मुलीला नेमके तेच नको होते.

दुसरा पर्याय बाहेरून मागवायचा. एका बेकरीने दूध-अंडे नसलेल्या एक किलो केकचे चौदाशे रुपये सांगितले, आणि नाश्त्याच्या खोक्यांचे माणशी एकशे वीस. चोवीस माणसांचे दोन हजार आठशे ऐंशी. दोन्ही मिळून चार हजार दोनशे ऐंशी, म्हणजे पैशांवरच हा पर्याय संपला. पैसे असते तरी मी तो सुचवला नसता. ज्या भट्टीत दिवसभर लोणी, अंडे आणि काजू हाताळले जातात, तिथे "आमच्यात काही नसते" या शब्दावर दुधाच्या मुलाला केक देणे मला पटले नसते.

तिसरा पर्याय पर्यायी वस्तू विकत घेण्याचा: बदामाचे किंवा सोयाचे दूध, दूधविरहित चॉकलेट, दूधविरहित लोणी. हे महाग पडते, आणि बदामाचे दूध तर काजूच्या मुलीपुढे नवाच प्रश्न उभा करते.

चौथा पर्याय निवडला. जे पदार्थ मुळातच दूध, अंडे, शेंगदाणा आणि काजूशिवाय होतात, तेवढेच सगळ्यांसाठी करायचे. कोणाचेही ताट वेगळे नाही आणि "हे तुझे, हे त्याचे" असे काही नाही. आपल्या स्वयंपाकात असे पदार्थ पुष्कळ आहेत आणि तेच सर्वांत स्वस्त असतात. वाढदिवस म्हटला की ते कोणाच्या डोक्यात येत नाहीत, एवढेच.

केकचा निर्णय

इथे थोडे थांबते, कारण इथेच बहुतेक घरे फसतात. एगलेस म्हणजे ॲलर्जीला सुरक्षित, असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात अंडे काढले की बेकरीत त्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क, दही किंवा दुधाची पावडर येते. म्हणजे अंड्याच्या मुलाची सोय होते आणि दुधाच्या मुलासाठी तोच केक आणखी वाईट ठरतो. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही एवढेच सांगतो की आत मांस-मासळी-अंडे नाही. दूध आपल्याकडे शाकाहारात मोडते, म्हणून हिरवा ठिपका दुधाबद्दल गप्पच असतो, काजूबद्दलही.

आम्ही व्हिनेगरचा चॉकलेट केक घेतला. त्यात अंडे, दूध, लोणी काहीच लागत नाही. आठ इंची चौकोनी टिनाला दीड वाटी मैदा, एक वाटी साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र चाळायचे. त्यात पाव वाटीहून थोडे जास्त तेल, एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर, छोटा चमचा व्हॅनिला आणि एक वाटी पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळायचे. इथली वाटी २४० मिलिलिटरची. १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे लागतात. मध्यात टोचलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सोडा आणि व्हिनेगर भेटल्याबरोबर बुडबुडे सुटतात आणि केक त्याच वायूवर फुगतो. मिश्रण ओट्यावर ठेवून आपण दुसऱ्या कामाला गेलो, की वायू निघून जातो आणि केक बसका होतो. या घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एकच टिन मावत होता. म्हणून दोन केकचे मिश्रण एकदम न करता, पहिला केक बाहेर आल्यावर दुसऱ्याचे ओले-कोरडे एकत्र केले. दुसरी गोष्ट कोकोची. दुकानदाराने आधी काउंटरवर ठेवला तो पिण्याच्या चॉकलेटचा डबा, आणि त्यात दुधाची पावडर असते. हवी होती ती निव्वळ, कडू कोको पावडर.

वर क्रीम नाही. पिठीसाखर, कोको, थोडे गरम पाणी आणि चमचाभर तेल फेटून चकचकीत पातळ थर ओतला. रंगीत गोळ्यांच्या पाकिटावर दुधाचा उल्लेख होता, म्हणून त्या गाळल्या. दोन केकचे वरच्या थरासकट अडीचशे रुपये झाले आणि बत्तीस तुकडे पडले.

बाकीचा मेनू आणि आजींचे मणगणे

तिखटासाठी छोटे बटाटवडे. बटाटे, बेसन, आले-मिरची, कोथिंबीर आणि सूर्यफुलाचे नवे तेल. नवे तेल यासाठी, की आदल्या दिवशी ज्या तेलात पनीर पकोडे तळले त्यात दूध उतरलेले असते. घाण्याचे शेंगदाणा तेल तर दूरच ठेवायचे, कारण ते रिफाइन्ड नसल्याने त्यात शेंगदाण्याचे प्रथिन राहते. तीन किलो बटाट्यांत साधारण सत्तर-पंचाहत्तर लहान वडे होतात. मुलांना दोन-दोन, मोठ्यांना चार-चार धरले तर चौसष्ट लागतात. सोबत ओल्या नारळाची हिरवी चटणी आणि दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचे पाव. आमच्या पोदेराच्या साध्या पावात पीठ, मीठ, पाणी आणि यीस्ट एवढेच असते. तरी आईने त्याला थांबवून विचारले, वरून दूध किंवा लोणी लावतोस का? तो नाही म्हणाला. बनात मात्र दूध घालतो, असे त्याने आपण होऊन सांगितले.

घरी फोडलेले पॉपकॉर्न, त्यात मीठ आणि हळद. इथे एक पथ्य होते. सोबत येणारी धाकटी भावंडे दोन-तीन वर्षांची असणार होती आणि चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात पॉपकॉर्न अडकू शकतो. त्यांच्यासाठी केळ्याच्या फोडी वेगळ्या काढल्या. मार्च असल्याने कलिंगड स्वस्त आणि चांगले होते. पिण्याला कोकम सरबत, सुक्या आमसुलांचे. बाजारातले आगळ खारट असते, ते मुलांना देण्यात अर्थ नाही. अडीचशे ग्रॅम आमसुले गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून, साखर आणि थोडी जिरेपूड घातली. सात लिटर सरबत झाले.

सर्वांत अवघड बोलणे आजींशी झाले. नातीच्या वाढदिवसाला त्या दरवर्षी तुपातले, काजू घातलेले बेसन लाडू करतात. "माझ्या लाडवांनी आजवर कोणाला काही झाले नाही," असे त्या म्हणाल्या आणि ते खरेही होते. त्यांना नुसते "करू नका" म्हटले असते तर लाडू शेवटच्या क्षणी मागच्या दाराने आले असते. पाहुण्याच्या हातात गोड ठेवल्याशिवाय त्यांच्याने राहवणार नाही, हे सुनेला पक्के ठाऊक होते. तेव्हा सुनेने विचारले, "आई, मणगणे कराल? फक्त काजू नका घालू."

मणगण्यात चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस आणि वेलची. दूध नाही, तूप नाही. काजू घालतात तो शोभेचा, तो गेला तरी पदार्थ अडत नाही. आजींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग नारळ मी निवडीन." घरातला वाद तिथेच मिटला.

खर्च असा बसला: केक २५०, वडे ५००, पाव २५०, चटणी १६०, पॉपकॉर्न ९०, फळे ३४०, सरबत १६०, मणगणे २५०, बशा-पेले आणि कागदी रुमाल २५०. एकूण २,२५० रुपये. उरलेले अडीचशे हातात राखून ठेवले.

स्वयंपाकघराची तयारी

मेनू सुरक्षित असला तरी भांडी तशी असतीलच असे नाही. या घरी शेंगदाण्याचे कूट रोज लागते. चटणीसाठी मिक्सर पुढे ओढला तेव्हा भांडे स्वच्छ दिसत होते. झाकणाची रबरी कडी काढल्यावर मात्र खालच्या खाचेत वाळलेल्या कुटाची पिवळट रेघ दिसली. अशा रेघेतले कूट पुरेसे असते. रबर, झाकण आणि पाते साबणाने घासून धुतले, खाच दातांच्या जुन्या ब्रशने काढली. केकचा टिन एरवी लोण्याने माखला जातो. तो घासून आत कागद घातला आणि कागदाला तेल लावले.

रविवारी सकाळपासून त्या स्वयंपाकघरात दूध तापवले नाही. मोठ्यांचा चहा कोरा झाला आणि त्याबद्दल वडिलांनी थोडी कुरकुर केली. अंगणात नळाशेजारी साबण ठेवला आणि खेळायला जाण्याआधी प्रत्येक मुलाचे हात धुवायचे ठरले. सॅनिटायझर नको असे मी सांगितले, कारण तो जंतू मारतो, पण हाताला लागलेले शेंगदाण्याचे किंवा दुधाचे प्रथिन काढत नाही. ते साबण-पाण्याने निघते.

दुधाच्या मुलाची आई थांबणार होती. तिच्याकडून त्याचे औषध आणि डॉक्टरांच्या सूचना आधीच समजून घेतल्या. नुसत्या गांधी उठल्या तर एक उपाय. पण श्वास लागला, आवाज घोगरा झाला, मूल एकदम मलूल पडले किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, तर ती गंभीर प्रतिक्रिया. तिथे ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून चालत नाही. ॲड्रिनालिनचे इंजेक्शन लागते, आणि तेही लवकर. घरी ते नव्हते. म्हणून १०८ कोण फिरवणार आणि रिक्षा-गाडी न शोधता फोंड्याच्या हॉस्पिटलात कोण नेणार, हे दोघांना वाटून दिले. तोवर मुलाला चालवायचे नाही, आडवे ठेवायचे. श्वास लागत असेल तर बसू द्यायचे.

प्रत्यक्ष दिवस

साडेतीनला यायचा पोदेर आला नाही. पावणेचारला वडील स्कूटरवरून गेले आणि दुकानातून मऊ लादी पावाची चार पाकिटे घेऊन आले. पाकिटे टेबलावर उघडणार एवढ्यात आईने एक उलटे केले. घटकांच्या यादीखाली ठळक ओळ होती: गहू आणि मिल्क सॉलिड्स. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर दूध, अंडे, शेंगदाणा, काजूसारखी कवचफळे, सोया, ग्लुटेनयुक्त धान्य, मासळी हे सगळे असे "कंटेन्स" म्हणून वेगळे लिहावे लागते. ती ओळ वाचायला पाच सेकंद लागतात.

आता निर्णय काय? वडिलांचे म्हणणे होते की पाव ठेवू आणि त्या एका मुलाला देऊ नको म्हणू. पंचेचाळीस रुपयांची चार पाकिटे फुकट जाणार, ही त्यांची तगमग मला समजत होती. पण एक दुधाचा पदार्थ टेबलावर आला की सगळे टेबल पहारा ठेवण्याचे होते आणि आतापर्यंत केलेली मेहनत त्या एका लादीवर जाते. आईने पाकिटे न उघडता आतल्या कपाटात ठेवली, सकाळच्या चहाबरोबर खायला. वडे पावाशिवाय, चटणीबरोबर वाढले. पाव नाही म्हटल्यावर मुलांनी वडे जास्त खाल्ले. राखीव पैशांतून शेजारच्या दुकानातून आणखी एक किलो बटाटे आणि अर्धा किलो बेसन आले आणि दुसरा घाणा निघाला.

दुसरा प्रसंग भेटवस्तूंचा. तीन मुलांनी चॉकलेटच्या पिशव्या आणल्या आणि मुलीने त्या तिथेच उघडून वाटायला घेतल्या. आजींनी तिच्या हातून हसत पिशव्या घेतल्या, "सगळी बक्षिसे उद्या उघडायची," म्हणाल्या आणि देवघरातल्या फडताळावर ठेवून दिल्या. मणगणे करण्यापासून आजी या कामात पूर्ण उतरल्या होत्या.

काय निष्पन्न झाले

तिन्ही मुलांना काही झाले नाही. दुधाच्या मुलाने केकचे तीन तुकडे खाल्ले. वाढदिवसाच्या टेबलावर आपल्या हाताने उचलून त्याने काही खाण्याची ही पहिलीच वेळ, असे त्याच्या आईने सांगितले. पोदेर आला नाही म्हणून पावाचे अडीचशे वाचले. लादीचे एकशे ऐंशी आणि जादा बटाटे-बेसनाचे नव्वद गेले. एकूण खर्च २,२७० रुपये.

सगळेच जमले असे नाही. कोकम सरबत अर्ध्या मुलांनी एका घोटात परत केले आणि जवळजवळ तीन लिटर उरले. मणगणे मोठ्यांनी मागून घेतले, मुलांतल्या निम्म्यांनी चव घेऊन ठेवून दिले. पॉपकॉर्न मात्र पहिल्या अर्ध्या तासात संपला.

काय वेगळे करता येईल

पाव हा एकच पदार्थ असा होता, जो आयत्या वेळी दुसऱ्या माणसावर अवलंबून होता. पोदेराचा पाव सकाळच्या फेरीतच घेऊन, फडक्यात गुंडाळून ठेवला असता तर तो संध्याकाळपर्यंत चालला असता. थोडा चिवट झाला असता, तव्यावर तेलाच्या बोटाने गरम केला की खपतो. आणि बाजारात जाणाऱ्याच्या खिशात "दूध, अंडे, शेंगदाणा, काजू, पिस्ता" एवढे लिहिलेली चिठ्ठी हवी होती. वडिलांना मेनू माहीत होता. पाकिटावर कोणते शब्द शोधायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दूध कधी व्हे, कधी केसीन, कधी मिल्क सॉलिड्स या नावांनी येते.

सरबत दोन प्रकारचे ठेवायला हवे: चार लिटर लिंबाचे आणि दोन लिटर कोकमाचे. खर्च तेवढाच राहतो. मणगणे आजींसाठी आणि मोठ्यांसाठी ठेवावे, पण निम्म्या मापाने. पॉपकॉर्नचे दाणे अर्ध्या किलोऐवजी पाऊण किलो घ्यावेत.

भेटवस्तूंचा निरोप आमंत्रणातच जायला हवा होता, खाऊ आणू नये म्हणून. परतभेट म्हणून पेन्सिली आणि रंगीत कागद दिले ते ठीक झाले, पण येणाऱ्या खाऊचा विचार कोणी केला नव्हता. आणि दुधाच्या मुलाच्या आईने निघताना एक गोष्ट सांगितली, ती पुढच्या वेळी आधीच करावी अशी आहे. तिला चार दिवस आधी मेनू आणि वापरलेल्या पाकिटांचे फोटो मिळाले असते, तर तिने ते घरी बसून निवांत तपासले असते. इथे आल्यावर दोन तास ती प्रत्येक बशीमागे उभी होती.